खुर्चीचा इसार

टोपाचं झाकण खडखडलं आणि पडवीतली शांतता मोडली. चुलीवरच्या पाण्यात डॉक्टरांचे चिमटे, आरसे, सांडश्या केव्हाच्या उकळत होत्या. आनंदीने पदराने झाकण बाजूला केलं, दोन लाकडं मागे ओढली. हत्यारं उकळून तयार होती, पण तोंड उघडून बसायला माणूस नव्हता.

बाहेर पडवीत दात काढायची खुर्ची रिकामी होती. शेजारी डॉक्टर सबनीस पेपर वाचत बसले होते. तोच पेपर त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा उलटला.

डॉक्टर कोल्हापूरचे. एक रविवार आड मालवणात यायचे. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने उतरायचे, बाजारातल्या मावसभावाकडे झोपायचे आणि रविवारी दिवसभर आनंदीच्या पडवीत दात बघायचे. खुर्ची आणि पायाने फिरवायचं दात कोरायचं यंत्र तिथेच चादरीखाली झाकलेलं असायचं. पडवीचं भाडं, गरम पाणी, लोकांना वेळ देणं, आलेल्यांना बसवणं, या सगळ्याचे ते आनंदीला पैसे देत. तिचा नवरा गुरुदास मालाच्या मचव्यावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या, होता. मचवा बुडाला, तोही गेला. राहिलं होतं हे घर आणि सहा वर्षांची लेक नमू. डॉक्टर आले तर हे घर चालत होतं. नाही आले तर तळेऱ्याला थोरल्या दिराचं, भाईचं, चहाचं हॉटेल होतंच. भाईचा निरोप दर महिन्याला येई, "हंय ये, भांडी घासूक बायमाणूस होयाच आसा." भाई वाईट नव्हता. पण नातं आणि नोकरी एकाच ताटात वाढायची त्याला सवय होती.

"आनंदीबाई," डॉक्टरांनी पेपर घडी केला, "आज किती जणांना सांगितलं होतं?"

तिने सांगितलं.

"आणि आले?"

आलेले दोघं. त्यातला एक नुसता विचारायला आला होता.

"मी घाट उतरून येतो. कवळीचं माप घ्यायचा लगदा आणतो, मेण आणतो. एका माणसाची कवळी म्हणजे चार खेपा. आधी माप, मग जबडे कसे मिटतात त्याचा चावा, मग मेणात दात लावून तोंडात बसवून बघणं, मग पक्की कवळी. मधली एक खेप चुकली की सगळं पुढे ढकललं. ती वेळ मी दुसऱ्याला देऊ शकलो असतो." ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. "वेंगुर्ल्याहून बोलावणं आहे. शिमग्यापर्यंत बघतो. असंच राहिलं तर खुर्ची तिकडे नेतो."

* * *

देवबागची हौसाबाई रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन यायची. तिची वरची दाढ पोखरली होती, आणि रविवारी ती आली नव्हती. सोमवारी ती दारात बसली तेव्हा आनंदीने आधी चहा दिला आणि मग विचारलं.

"हौसाबाय, काल येतंय म्हटलेलंस मां?"

"म्हटलेलंय."

"मगे?"

"तू चायचो कोप हातात दिलंस, वर हसान इचारलंस, 'आयतवारी येतंस मां?' आता तोंडार नाय कसां म्हणू? बरां दिसता?" हौसाबाई पाटीतल्या बांगड्यांवर पाणी शिंपडत म्हणाली. "आयतवारी सकाळी होडये लागतत. मासळी सोडून दाताक जाऊ? घोव माझे उरलले दात पाडीत!"

आनंदीला हसू आलं आणि रडूही. "पण मी कार्ड धाडलेलंय."

"धाडलेलंस. डागदर गेल्यार गावला. शंकराच्या झिलाकडसून वाचून घेतलंय, तर तो म्हणता, 'आये, ह्यां गेलल्या आयतवाराचां आसा.' दात दुखता तो दुखता, वर कार्ड वाचून आणखी दुखाक लागलो."

त्या दिवशी मासे साफ करता करता आनंदीने सगळं मनात उलगडलं. लोक खोटे नव्हते. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून हो म्हणत होते, आणि न येणं त्यांना नाही म्हणण्यापेक्षा कमी वाईट वाटत होतं. तिने वेळा दिल्या होत्या घड्याळाच्या, आणि लोक चालत होते भरती-ओहोटीच्या आणि बाजाराच्या. मग आधी तिने वेळा बदलल्या. देवबागच्या माणसांना दुपारनंतर, मासळी विकून झाल्यावर. बाजारातल्या दुकानदारांना सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी. कार्डं बंद केली. गुरुवारी हौसाबाईबरोबर तोंडी निरोप, आणि शनिवारी सकाळी पुन्हा एक. नुसतं "या" नाही, तर "येतलास काय नाय, ताचो जबाब आजच धाडा." आणि हौसाबाईने प्रत्येकाला आणखी एक वाक्य सांगायचं, ते आनंदीने तिच्याकडून घोकून घेतलं, "येवक जमत नसलां तर आनंदीक राग येवचो नाय. न सांगता चुकवलात तर येतलो."

"माका सुद्धा सांगू ह्या?" हौसाबाई म्हणाली.

"तुका पयलां."

जबाब यायला लागले. नाही म्हणणारे नाही म्हणू लागले, तेही चक्क शनिवारी दुपारच्या आत. बाजारातल्या दोन-तीन जणांना आनंदीने सांगून ठेवलं होतं, "जागा रिकामी झाली तर हाक मारतलंय." नाही आलेल्याच्या जागी हाकेवरचा माणूस बसू लागला. रिकामी खुर्ची निम्म्यावर आली. पण निम्मी उरलीच. कवळीची मापं देऊन गेलेले चाव्याच्या खेपेला गायब होत. हो म्हणून, जबाब धाडून, न येणारे.

* * *

इसाराची गोष्ट निघाली ती गुलामकाकांच्या दुकानात. गुलामकाका सुक्या खोबऱ्याचे आणि नारळाचे व्यापारी. त्यांची बायको नूरबानो हिचे पुढचे दात उन्हाळ्यात काढले होते. हिरड्या भरून आल्या होत्या, आता कवळी करायची होती. मुलीचा, नसीबाचा, निकाह ठरला होता. नूरबानोला लेकीच्या निकाहात तोंडाला पदर न लावता हसायचं होतं. तेवढंच तिचं मागणं.

आनंदी म्हणाली, "काका, आता प्रत्येक खेपेक एक रुपयो आधी ठेवचो लागतलो. शेवटी बिलात वजा होतलो."

गुलामकाकांचा हात तराजूवर थांबला. "रुपयो आधी? अगो, आमका तू चोर समाजतंस?"

दुकानात बसलेला लवू न्हावी कान टवकारून पुढे सरकला.

"चोर नाय, काका. तुमी माडाच्या बागेचो सौदो करतास तेव्हा आधी काय देतास?"

"इसार."

"तेव्हा बागवालो तुमका चोर म्हणता?"

लवू खदखदून हसला. "काकानू, गावलास!"

गुलामकाकाही हसले, पण व्यापाऱ्याचं हसणं लवकर संपतं. "बरां. इसार तर इसार. पण इसाराक दोन टोकां असतत, बाय. मी सौदो मोडलंय तर माझो इसार गेलो. बागवाल्यान मोडल्यान तर तो दुप्पट परत देता. तुझो डागदर इलो नाय, तर? आमी दुकान बंद करून येतलंव, देवबागची माणसां होडी भरून येतली. तेंचो दिवस फुकट?"

आनंदीने विचार करायला वेळ घेतला नाही. पुढे कितीतरी दिवस तिला हे आठवत राहिलं, की तिने वेळ घेतला नाही. "तर दुप्पट परत," ती म्हणाली.

"कोणाची जबान?"

"माझी."

मग तिथेच, खोबऱ्याच्या पोत्यांवर बसून, बाकीचं ठरलं. शनिवारी दुपारपर्यंत कळवलं तर रुपया पुढच्या खेपेला चालेल, किंवा हवा तर परत. न कळवता चुकवलं तर रुपया डॉक्टरांचा. ताप, घरातलं मरण किंवा खाडीची होडी बंद, यांना माफी. "आणि घरात बारसां असलां तर?" लवूने विचारलं. "बारसां म्हयनोभर आधी कळता," नूरबानो आतून म्हणाली, आणि हसताना तिने सवयीने पदर तोंडावर धरला.

डॉक्टरांना आनंदीने सगळं सांगितलं, दुप्पटीचंही. ते हात धुवत होते. "छान, छान," ते म्हणाले. "माझा प्रश्नच येत नाही. मी कधी चुकलोय?" आणि प्रत्येक खेपेला जमलेले इसाराचे रुपये ते स्वतःच्या बॅगेत टाकून कोल्हापूरला नेऊ लागले. हिशेब एका जागी बरा, म्हणाले. आनंदीला ते खटकलं नाही. पैसे त्यांचेच व्हायचे होते.

* * *

आणि मग खुर्ची भरली. अशी भरली की पडवीत बसायला जागा पुरेना, आनंदीला शेजारून बाकडं आणावं लागलं. रुपया ठेवलेला माणूस येतोच. आणि येणार नसेल तर रुपया वाचवायला तरी वेळेवर कळवतो. लोकांनी ही रीत नुसती मानली नाही, ती आपली केली. हरिश्चंद्र मास्तर एकदा न कळवता राहिले आणि बाजारात सांगत सुटले, की आनंदीने रुपया खाल्ला. तेव्हा त्यांना उत्तर द्यायला आनंदी गेलीच नाही. लवूने अर्धी दाढी करून वस्तरा थांबवला आणि विचारलं, "मास्तरानू, ताप इलेलो? घरात कोण मेलां? होडी बंद होती? नाय मां? मगे गप ऱ्हवा, नायतर उरलली दाडी घराकडे जावन करा." आणि लक्ष्मी नावाची देवबागची सून, खाडीत वारं सुटलं म्हणून येऊ शकली नव्हती, तिने पुढच्या खेपेला घाबरत घाबरत विचारलं, "माझो रुपयो?" आनंदीने तिला नुसतं खुर्चीत बसवलं.

छपराचे नळे फिरवायला आनंदीने थोडे पैसे बाजूला टाकले. भाईला निरोप धाडला, "सध्या जमत नाय." हा निरोप सांगताना तिला इतका आनंद झाला, की सांगून झाल्यावर ती उगाच विहिरीवर जाऊन दोन घागरी जास्त पाणी घेऊन आली. नमूला जवळ घेऊन तिने तिच्या केसांत तेल घातलं, आणि नमू कंटाळून पळेपर्यंत घालत राहिली.

नूरबानोचं माप झालं, चावा झाला. मेणातले दात तोंडात बसवून बघितले तेव्हा ती आरशात इतका वेळ बघत राहिली, की पुढचा माणूस म्हणाला, "चाची, आरसो फुटात!" पक्की कवळी पुढच्या खेपेला. त्यानंतरच्या शुक्रवारी निकाह.

* * *

त्या शनिवारी संध्याकाळची एस.टी. आली, डॉक्टर उतरले नाहीत. आनंदीने मनाशी म्हटलं, घाटात गाडी बिघडली असेल, सकाळच्या गाडीने येतील. मावसभावाकडे विचारलं. निरोप नव्हता.

रविवारी सगळी आली. शनिवारी सगळ्यांचे जबाब "येतंव" असेच आले होते, आणि सगळी आली. दुकानदार आले, लवू आला, दुपारी होडी भरून देवबाग आली. हौसाबाईने लुगडं बदललं होतं. नूरबानो नसीबाला बरोबर घेऊन आली होती, पहिलं हसू लेकीने बघावं म्हणून. हत्यारांशिवाय नुसतं पाणी उकळत होतं. आनंदी दर गाडीच्या वेळेला रस्त्यापर्यंत जाऊन येई.

ऊन उतरलं. देवबागच्या माणसांना भरतीच्या आत परतायचं होतं. लक्ष्मी पहिल्यांदा उठली. मग एकेकजण उठू लागला, चपला शोधू लागला. कोणी इसाराचं नाव काढलं नाही. पैशांचं बोलून त्यांना तिचं मन मोडायचं नव्हतं.

"थांबा," आनंदी म्हणाली.

ती आत गेली. नळ्यांसाठी ठेवलेले पैसे तांदळाच्या डब्यात होते. ते पुरले नाहीत, म्हणून नमूच्या पहिल्या वाढदिवसाला माहेरून आलेली चांदीच्या वाळ्यांची जोडी तिने दुकानदारांत बसलेल्या गुलामकाकांपुढे धरली आणि म्हणाली, "काका, ह्यां ठेवा, वरचे पैशे माका द्या." काकांनी वाळे घेतले नाहीत. पैसे दिले. तिने वाळे त्यांच्या खिशात घातले.

मग प्रत्येकाच्या हातावर तिने दोन-दोन रुपये ठेवले.

"अगो, खुळी काय तू?" हौसाबाई मागे सरली. "डागदराचो सौदो, तू कित्याक देतंस?"

"जबान माझी होती."

"जबान जाळ मेल्याची! माका नको."

"हौसाबाय, तू घेतलंस नाय, तर उद्या मी तुका 'आयतवारी ये' म्हणान खंयच्या तोंडान सांगू?"

हौसाबाईने पैसे घेतले आणि ती रडू लागली. रडतच ती होडीकडे गेली, आणि जाताना वळून वळून डॉक्टरांच्या सात पिढ्या काढत गेली. नूरबानो शेवटी उठली. नसीबाने तिचा हात धरला होता. "असांदे," नूरबानो म्हणाली, "निकाहाक माझां तोंड कोण बघतलां? सगळे नवरीक बघतले." शुक्रवारी ती सगळा वेळ पदर तोंडाशी धरून बसली होती, असं आनंदीला लवूने सांगितलं. विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

* * *

पुढच्या ठरलेल्या शनिवारी डॉक्टर उतरले, आणि रविवारी नेहमीच्या वेळी पडवीत आले. हसतमुख. पडवी रिकामी होती. आनंदीने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"गेल्या खेपेला यायला नाही जमलं?" तिने विचारलं.

"अहो, वेंगुर्ल्याहून अचानक बोलावणं. मोठं घर, एका वेळी सगळ्या कुटुंबाचे दात. कसं सोडणार?"

"निरोप धाडला असता तर..."

"राहिलं खरं." त्यांनी बॅगेतून नूरबानोची कवळी काढून कागदावर ठेवली. "ही द्या त्यांना. पैसे नंतर पाठवले तरी चालतील."

"डॉक्टर, मी सगळ्यांना दुप्पट परत दिले. ठरल्याप्रमाणे."

त्यांना खरंच समजलं नाही. मग समजलं, आणि ते हसले, जसं लहान मुलाला हसतात तसे. "तुम्ही दिलेत? आनंदीबाई, ते नियम पेशंटसाठी असतात. डॉक्टरला कोण दंड करतो? उद्या घाटात गाडी बंद पडली तर मी गावाला पैसे वाटत बसू?"

"गाडी बंद पडली नव्हती."

मग बॅगेतून मोजून लोकांचे मूळ रुपये त्यांनी कवळीशेजारी ठेवले. वरचे नाही. "हे लोकांचे, हे तुम्ही घ्या. वरचं तुम्ही बोललात, ते तुमचं."

आनंदीने त्या रुपयांना हात लावला नाही. पण उचलून फेकलेही नाहीत. फेकायची चैन तिला परवडत नव्हती.

"आणि एक सांगायचं राहिलं," डॉक्टर चादर बाजूला करून खुर्चीचे स्क्रू बघत म्हणाले. "वेंगुर्ल्याला मी तुमची ती पद्धत सुरू केली. आधी निरोप, शनिवारपर्यंत जबाब, रुपया इसार. फार छान चालते. तिथे एक कंपाउंडर ठेवलाय. दुप्पटीचं वगैरे काढून टाकलं, नसती भानगड. तर खुर्ची आता तिकडे नेतो म्हणतो. इथे तुम्ही कष्ट घेतलेत, मी विसरणार नाही."

दुपारच्या एस.टी.च्या टपावर खुर्ची चढली. हमालाने तिला दोरखंडाने बांधलं. लवू दुकानाच्या पायरीवर उभा राहून बघत होता.

संध्याकाळी तिने नूरबानोला कवळी नेऊन दिली. नूरबानोने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि कपाटात ठेवली. तोंडात घातली नाही. "चाय घे," ती म्हणाली. आनंदीला नाही म्हणता आलं नाही.

घरी परतल्यावर तिने तळेऱ्याला भाईकडे निरोप कोणाबरोबर धाडायचा याचा विचार करत ट्रंक उघडली. आधी नमूचे फ्रॉक घड्या करून ठेवले, मग स्वतःची दोन लुगडी. पडवीत खुर्ची होती तिथे जमिनीवर चार पायांचे चार ठसे उरले होते. नमू एका ठशात पाय ठेवून उभी राहिली, मग दुसऱ्यात. मग आत येऊन ट्रंकेच्या कडेवर हनुवटी टेकवून आईकडे बघत राहिली.

"आये, डॉक्टर इले नाय ती चूक तेंची मां?"

"होय."

"तू तर सगळ्यांका सांगलेलंस."

"होय गो."

नमूला खरंच कळत नव्हतं, आणि तिला कळून घ्यायचं होतं.

"मगे माझे वाळे कित्याक गेले?"